उत्तरतालिका चुकीची म्हणू नका, प्रश्न दोन उत्तरं देतो हे दाखवा

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातला. कर्मचारी निवड आयोगाची कॉन्स्टेबल भरतीची एसएससी जीडी परीक्षा मराठीतून दिली, सेंटर बेळगावला होतं. आकृती मालिकेचा एक प्रश्न होता. चौकोनाच्या कडेवर काळा ठिपका. पहिल्या आकृतीत तो वरच्या डाव्या कोपऱ्यात, दुसरीत उजव्या बाजूच्या मध्यावर, तिसरीत डाव्या बाजूच्या मध्यावर, चौथीत खालच्या उजव्या कोपऱ्यात. चौकोनात उभ्या रेघा अनुक्रमे १, २, ३, ४. पाचवी आकृती कोणती? आयोगाच्या तात्पुरत्या उत्तरतालिकेत ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्यात (पर्याय १). मी खालचा डावा कोपरा (पर्याय २) दिलाय. पर्याय ३ मध्ये ठिपका वर उजवीकडेच, पण रेघा ४. पर्याय ४ मध्ये ठिपका वर डावीकडे, रेघा ५. क्लासचे सर म्हणतात माझंही बरोबर आहे. बेंगळुरूच्या ऑफिसला पत्र पाठवायचंय. कसं लिहू?

उत्तर:

तुमच्या सरांचं म्हणणं खरं आहे, पण तेवढ्यावर आक्षेप टिकत नाही. अडचण कुठे आहे ते आधी सांगतो. तुम्ही पत्र लिहायला बसाल तेव्हा हात आपोआप ‘माझं उत्तर बरोबर, आयोगाचं चूक’ असं लिहायला जाईल. या प्रश्नात आयोगाचं उत्तर चूक नाही, त्याला सरळ नियम आहे. तुमच्या उत्तरालाही तितकाच सरळ नियम आहे. म्हणजे दोष उत्तरतालिकेत नसून प्रश्नात आहे, आणि तक्रार उत्तराविरुद्ध केली तर तपासणारा तज्ज्ञ आपला नियम लावून बघेल, उत्तर जुळलं म्हणेल आणि पुढच्या आक्षेपाकडे वळेल. बेळगावात बरीच वर्षं रिझनिंग शिकवतोय. निपाणी, चिकोडी, खानापूरकडची मुलं दर भरतीनंतर असे मसुदे घेऊन येतात, आणि दहातल्या आठांमध्ये हाच घोळ असतो.

आधी मालिका नीट उलगडू. चौकोनाच्या कडेवर ठिपक्याला बसायला आठ जागा आहेत, चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्य. एका जागेवरून शेजारच्या जागेवर जाणं म्हणजे एक घर. पहिल्या आकृतीतून दुसरीत ठिपका घड्याळाच्या दिशेने ३ घरं सरकतो. दुसरीतून तिसरीत ४ घरं. तिसरीतून चौथीत घड्याळाच्या दिशेने ५ घरं. आयोगाचा नियम उघड आहे: दिशा कायम घड्याळाची, घरं ३, ४, ५ आणि पुढे ६. खालच्या उजव्या कोपऱ्यातून घड्याळाच्या दिशेने सहा घरं मोजा, वरचा उजवा कोपरा येतो.

आता मधली उडी बघा. आठ घरांच्या फेऱ्यात ४ घरं म्हणजे बरोबर अर्धा फेरा. देवळाच्या पूर्वेच्या दारापासून निघालेला माणूस पश्चिमेच्या दाराशी उभा दिसला, तर तो डावीकडून प्रदक्षिणा घालत आला की उजवीकडून, हे नुसतं बघून कुणी सांगू शकत नाही. तसंच इथे. उजव्या मध्यावरून डाव्या मध्यावर ठिपका कुठल्या बाजूने गेला, याचा कसलाही पुरावा आकृत्यांमध्ये नाही. म्हणून दुसरा नियमही चारही आकृत्यांना एकही अपवाद न करता लागतो: घरं ३, ४, ५, ६ अशीच वाढतात आणि दिशा प्रत्येक वेळी पालटते. ३ घड्याळाच्या दिशेने, ४ उलट, ५ घड्याळाच्या दिशेने, ६ उलट. खालच्या उजव्या कोपऱ्यातून उलट्या दिशेने सहा घरं मोजलीत की खालचा डावा कोपरा, म्हणजे तुमचं उत्तर.

हा सगळा गोंधळ त्या एका अर्ध्या फेऱ्यामुळे झालाय. प्रश्न काढणाऱ्याने ३ ऐवजी १ घरापासून सुरुवात केली असती, तर उड्या १, २, ३ अशा पडल्या असत्या आणि प्रत्येक उडीची दिशा दिसली असती. किंवा चाराऐवजी पाच आकृत्या दिल्या असत्या, तर पाचव्या आकृतीनेच निकाल लावला असता. तुमच्या पत्राचा कणा हाच आहे, बाकीचं त्याभोवतीचं मांस.

पण प्रत्येक मालिकेला दुसरं उत्तर काढता येतं, आणि तज्ज्ञांना हे पक्कं ठाऊक असतं. ‘कुठलीही मालिका कशीही पुढे नेता येते’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर आहे, आणि ते खोटं नाही. त्यामुळे फक्त दुसरा नियम सापडला म्हणून आक्षेप घेऊ नये. मुलांना मी आधी चार गोष्टी तपासायला लावतो. नियम एका वाक्यात, ‘पण’ किंवा ‘फक्त तिसऱ्या आकृतीनंतर’ असलं काही न जोडता सांगता येतो का? तो दिलेल्या सगळ्या आकृत्यांना लागतो का? त्यातून निघणारं उत्तर पर्यायांत आहे का? आणि आकृतीतला दुसरा घटक दोन्ही उत्तरांपैकी एकाला बाद करतो का?

शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त आक्षेप पडतात. आकृतीत ठिपक्याबरोबर बाण असतो, बाण घड्याळाच्या दिशेने फिरत असतो, आणि मुलगा फक्त ठिपक्याबद्दल लिहितो. मग तज्ज्ञ म्हणतो, बाण सतत घड्याळाच्या दिशेने जातोय, तेव्हा ठिपकाही तसाच जाणार असं मानणं अधिक सुसंगत आहे. तुमच्या नशिबाने इथे बाण नाही, रेघा आहेत. रेघा १, २, ३, ४ वाढत ५ होतात आणि त्यांना दिशा नसते. ५ रेघा पर्याय १, २ आणि ४ मध्ये आहेत, म्हणून रेघांनी फक्त पर्याय ३ बाद होतो, १ आणि २ मधला वाद त्या सोडवत नाहीत. हे पत्रात स्पष्ट लिहा, कारण तज्ज्ञ पहिल्यांदा तिथेच बोट ठेवेल.

पर्याय ४ बद्दल एक सावधगिरी. तिसऱ्या उडीची ५ घरं उलट्या दिशेने मोजली तर ३ होतात, म्हणून कुणी ‘३, ४, ३, पुन्हा ४’ असंही वाचेल आणि ठिपका वरच्या डाव्या कोपऱ्यात नेईल. तुमच्या सरांनी किंवा मित्रांनी हे सुचवलं तर पत्रात घालू नका. तिथे पहिल्या ३ ची दिशा एक आणि दुसऱ्या ३ ची दुसरी का, याला आधार नाही. तीन वाचनं मांडलीत की तज्ज्ञ सर्वांत लंगडं निवडतो, तेवढंच खोडतो आणि आक्षेप फेटाळतो. दोन भक्कम वाचनं पुरेशी आहेत.

राहता राहिला कठीण प्रतिवाद: ‘दिशा कायम ठेवणारा नियम अधिक सोपा, म्हणून तोच अपेक्षित.’ याला नुसत्या तर्काने उत्तर देता येत नाही, पुरावा लागतो. सर्वांत उपयोगी पुरावा म्हणजे त्याच आयोगाचे जुने प्रश्न, ज्यांच्या उत्तराला दिशा पालटणारा नियम लागतो. एसएससी परीक्षेनंतर उमेदवाराला स्वतःची रिस्पॉन्स शीट आणि उत्तरतालिका डाउनलोड करू देते. ज्यांनी आधीच्या भरत्या दिल्या आहेत त्यांच्याकडे या पीडीएफ असतात. त्यातला एखादा प्रश्न शोधा, जिथे आयोगाने स्वतः ‘एकदा घड्याळाच्या दिशेने, एकदा उलट’ हा नियम धरून उत्तर दिलंय, आणि त्या परीक्षेचं नाव, तारीख, शिफ्ट व प्रश्नाचा क्रमांक लिहा. मग आयोगाला ‘दिशा पालटणं अपेक्षित नसतं’ असं म्हणता येत नाही. बाजारातल्या गाइडमधला उतारा याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि क्लासच्या लेटरहेडवर सरांची सही तर अजिबात नको. जुना प्रश्न सापडला नाही तर तो मुद्दा सोडून द्या. आक्षेप थोडा हलका होईल, पण तग धरेल.

न्यायालयांचा कल या बाबतीत काय आहे ते माहीत असलं की भाषा कशी ठेवायची ते कळतं. कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या १९८३ च्या प्रकरणात वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या चुकीच्या उत्तरतालिकेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाने म्हटलं की उत्तरतालिका बरोबरच मानायची, ती चूक आहे हे उघडपणे सिद्ध झालं पाहिजे. लांबलचक अनुमान किंवा तर्काची कसरत करून ती चूक ठरवता येणार नाही. त्याच निकालात पुढे असंही आहे की प्रश्नातली संदिग्धता संस्थेच्या लक्षात आणून दिली, तर संस्थेने वेळेत निर्णय घेऊन तो संशयास्पद प्रश्न वगळावा आणि त्याला गुण ठेवू नयेत. डिसेंबर २०१७ च्या रणविजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या निकालात तर शंकेचा फायदा उमेदवाराला नव्हे, परीक्षा घेणाऱ्या संस्थेला द्यावा असं स्पष्ट म्हटलंय. दोन्ही एकत्र वाचलेत की वाट दिसते. ‘तालिका चूक’ या रस्त्यावर पुराव्याचं सगळं ओझं तुमच्या डोक्यावर येतं. ‘प्रश्न संदिग्ध’ या रस्त्याला न्यायालयानेच दार ठेवलंय. या निकालांचे दाखले मात्र पत्रात घालू नका. आकृत्या तपासणारा माणूस विषयाचा असतो, त्याला कायद्याची भाषा दिसली की तो बचावात्मक होतो.

मागायचं काय, हेही आधी ठरवा, कारण त्यावर तुमचे गुण अवलंबून आहेत. अलीकडच्या जीडी भरत्यांत प्रत्येक प्रश्नाला २ गुण आणि चुकीला ०.२५ वजा, असं आहे. सध्या या प्रश्नात तुमचे ०.२५ गेलेत. दोन्ही पर्याय बरोबर धरले तर तुम्हाला २ मिळतील, म्हणजे आजच्या तुलनेत २.२५ चा फरक. प्रश्न रद्द करून सगळ्यांना पूर्ण गुण दिले तरी तुमच्यासाठी तेच २.२५. प्रश्न रद्द करून कुणालाच काही दिलं नाही तर तुमचे फक्त ०.२५ परत येतात, पण पर्याय १ लिहिणाऱ्यांचे २ जातात, त्यामुळे त्यांच्या तुलनेत तुमचा फरक पुन्हा २.२५ च होतो. हे सगळे कच्चे गुण. शिफ्ट अनेक असतात, नंतर नॉर्मलायझेशन होतं, त्यामुळे अंतिम यादीत नेमका तेवढाच फरक दिसेल असं नाही.

दोन पर्याय मान्य झाले तरी ते कायम टिकतील याचीही खात्री नसते. २०२४ च्या नीटमध्ये अणूंबद्दलच्या एका भौतिकशास्त्राच्या प्रश्नाला एनटीएने दोन पर्याय बरोबर धरले होते, कारण एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत एक गोष्ट होती आणि नव्या आवृत्तीत दुसरी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचं मत मागवलं, त्यांनी एकच पर्याय बरोबर सांगितला आणि निकाल बदलावा लागला. दुसरा पर्याय लिहिलेल्यांचे त्या प्रश्नाचे ४ गुण गेले, वर १ वजा झाला. तिथे प्रश्न माहितीचा होता, पुस्तकात एक बरोबर आणि एक चूक असं ठरवता येत होतं. आकृती मालिकेत तसा बाहेरचा निकष नसतो. म्हणून तुमच्या पत्रात दोन मागण्या क्रमाने ठेवा: आधी दोन्ही पर्याय मान्य करावेत, ते शक्य नसेल तर प्रश्न सर्वांसाठी रद्द करावा. ‘उत्तर बदलून पर्याय २ करावं’ ही मागणी चुकूनही करू नका. तसं झालं तर पर्याय १ लिहिणाऱ्यांवर तोच अन्याय होईल, आणि तुमच्याच युक्तिवादाला ते धरून नाही.

आता पत्र कुठे पाठवायचं. एसएससीचं कर्नाटक-केरळ विभागीय कार्यालय बेंगळुरूत आहे हे खरं, पण तिथे पोस्टाने, ई-मेलने किंवा स्वतः नेऊन दिलेला आक्षेप विचारात घेतला जात नाही. तात्पुरती उत्तरतालिका लागली की काही दिवस आयोगाच्या साइटवर लॉगिन करून आक्षेप नोंदवायची सोय असते, आणि तो एकच मार्ग आहे. प्रत्येक प्रश्नासाठी शुल्क भरावं लागतं. बरीच वर्षं ते १०० रुपये होतं, पण तुमच्या सूचनेत किती आहे ते बघूनच भरा. मुदत तारखेसह वेळेवर संपते, आणि शेवटच्या संध्याकाळी साइट रखडते. खानापूरहून ‘बेळगावला जाऊन सायबर कॅफेत करू’ असं ठरवून शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. तुमच्या मनातलं पत्र म्हणजे त्या खिडकीत लिहायचा मजकूर. तिथे जागा मर्यादित असते आणि चित्र जोडता येईलच असं धरून चालू नका. आकृत्या शब्दांतच उभ्या राहिल्या पाहिजेत. तुम्ही प्रश्नात केलेलं वर्णन त्यासाठी जवळजवळ तयारच आहे.

पेपर मराठीतून दिलात तरी आक्षेप इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा. मराठीचा मान कमी व्हावा म्हणून हे सांगत नाही. तो मजकूर कोण वाचणार हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि आपल्या भागात भाषेवरून जे चालतं त्याची सावली या पत्रावर पडायला नको. मराठी माध्यम, सीमाभाग, घरची परिस्थिती, पुढच्या भरतीला वय निघून जाईल, यातलं काही लिहू नका. ते सगळं खरं असेल, पण ठिपक्याच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, आणि जागा मोजकी आहे. मसुदा मात्र आधी मराठीतच करा, कारण विचार मराठीत स्पष्ट झाला की भाषांतर करायला वेळ लागत नाही. मी असा लिहिला असता:

“विषय: आकृती मालिकेच्या प्रश्नातील संदिग्धतेबाबत. Question ID (येथे क्रमांक), परीक्षेची तारीख व शिफ्ट (येथे).

या प्रश्नात चौकोनाच्या कडेवर एक ठिपका असून त्याला आठ जागा आहेत: चार कोपरे व चार बाजूंचे मध्य. चार आकृत्यांत ठिपका अनुक्रमे वरचा डावा कोपरा, उजव्या बाजूचा मध्य, डाव्या बाजूचा मध्य आणि खालचा उजवा कोपरा येथे आहे.

पहिला नियम: ठिपका प्रत्येक वेळी घड्याळाच्या दिशेने ३, ४, ५, ६ घरे सरकतो. यानुसार पाचव्या आकृतीत ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्यात येतो. तात्पुरत्या उत्तरतालिकेतील उत्तर हेच आहे.

दुसरा नियम: ठिपका प्रत्येक वेळी दिशा पालटत ३, ४, ५, ६ घरे सरकतो. यानुसार ठिपका खालच्या डाव्या कोपऱ्यात येतो. हे उत्तरही पर्यायांत आहे.

दोन्ही नियम चारही आकृत्यांना अपवादाशिवाय लागू होतात. आठ जागांमध्ये ४ घरांचे सरकणे म्हणजे अर्धा फेरा असल्याने दुसऱ्या ते तिसऱ्या आकृतीतील हालचालीची दिशा आकृत्यांवरून ठरवता येत नाही. त्यामुळे दोन्हींपैकी एक नियम निवडण्यास आकृत्यांमध्ये आधार नाही. आतील उभ्या रेघा १ ते ५ अशा वाढतात व दोन्ही पर्यायांत ५ च आहेत, त्यामुळे त्यांवरूनही निवड करता येत नाही.

दिशा पालटणारा नियम आयोगाच्या (परीक्षेचे नाव, तारीख, शिफ्ट, Question ID) या प्रश्नाच्या अंतिम उत्तरात वापरला गेला आहे.

विनंती: दोन्ही पर्याय योग्य धरावेत. ते शक्य नसल्यास हा प्रश्न सर्व उमेदवारांसाठी रद्द करावा.”

एवढंच. यात ‘चूक’ हा शब्द कुठेही नाही, आणि आयोगाचा नियम तुमच्या नियमाच्या आधी मांडलाय. हे दोन्ही मुद्दाम केलंय. तपासणाऱ्याला आपलं उत्तर पहिल्याच नियमात मान्य झालेलं दिसलं की पुढचं तो भांडण म्हणून वाचत नाही. जुन्या प्रश्नाबद्दलचं वाक्य अंतिम तालिकेवरूनच लिहायचं, तात्पुरतीवरून नाही, कारण तात्पुरती पुढे बदललेली असू शकते. सापडला नाही तर ते वाक्य काढून टाका, पण अंदाजाने कुठलाही क्रमांक लिहू नका. एक संदर्भ खोटा निघाला की बाकीच्या मजकुराचंही वजन जातं.

मजकुरात प्रश्नाचा अनुक्रमांक आणि ‘पर्याय १, पर्याय २’ असे उल्लेख नाहीत, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. संगणकावरच्या परीक्षेत प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम उमेदवारागणिक वेगळा असू शकतो. तुमच्या स्क्रीनवरचा दुसरा पर्याय दुसऱ्याच्या स्क्रीनवर चौथा असेल. म्हणून रिस्पॉन्स शीटवरचा Question ID आणि ठिपक्याची जागा, एवढ्यावरच भिस्त ठेवा. तिथेच Chosen Option समोर काय आहे तेही बघून घ्या. आपण एक पर्याय दाबला आणि नोंद दुसऱ्याची झाली, असं अधूनमधून निघतं, आणि मग शुल्क भरून केलेल्या आक्षेपाचा स्वतःला काहीच उपयोग होत नाही.

सहा जणांनी एकच मजकूर कॉपी करून टाकला तर आक्षेपाला जोर येईल, हा समज आपल्याकडच्या ग्रुपवर फिरत असतो. सहा सारखे मजकूर म्हणजे तज्ज्ञाच्या दृष्टीने एकच आक्षेप, फक्त शुल्क सहा जणांचं गेलं. वेगवेगळ्या मुलांनी आपापल्या शब्दांत, स्वतंत्रपणे तोच दुसरा नियम मांडला, तर मात्र तो नियम अनेकांना सहज सुचतो हे दिसतं, आणि संदिग्धतेच्या युक्तिवादाला त्याने खरा आधार मिळतो. तेव्हा मित्रांना वरचा मसुदा पाठवण्यापेक्षा प्रश्न पाठवा आणि त्यांना काय सुचतं ते विचारा.

आक्षेपाला वैयक्तिक उत्तर येईल अशी वाट बघू नका. काय ठरलं ते अंतिम उत्तरतालिकेतच दिसतं, आणि त्यानंतर आयोग आक्षेप स्वीकारत नाही. तालिका बदलली नाही तर धारवाडचं खंडपीठ आपल्याला जवळ आहे म्हणून लगेच तिकडे धावावंसं वाटतं. वर सांगितलेला २०१७ चा निकाल आठवा आणि वकिलाची फी २.२५ गुणांसमोर ठेवून बघा. कटऑफ तुमच्या गुणांच्या अगदी काठावर नसेल तर मी तो रस्ता सुचवणार नाही.

हे सगळं केंद्रीय परीक्षेपुरतं. कर्नाटक राज्याच्या केईए किंवा केपीएससीच्या परीक्षेत असा प्रश्न आला तर युक्तिवाद हाच ठेवा, पण मजकूर कन्नडात किंवा इंग्रजीत लिहा आणि आक्षेप कुठे, कशासोबत द्यायचा ते त्या परीक्षेच्या सूचनेत बघा. सगळ्यांची पद्धत सारखी नसते.

शुल्क भरण्याआधी रिस्पॉन्स शीटवरची तिसरी आकृती मोठी करून बघा. ठिपका डाव्या बाजूच्या अगदी मध्यावर आहे ना? तो थोडा वर किंवा खाली सरकलेला असेल तर जागा आठच आहेत हे गृहीतक जातं, उडी अर्धा फेरा राहत नाही, आणि वरचा मसुदा वापरता येणार नाही. तो मध्यावरच असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि आक्षेप भरा.